आखातातून एसआयपी: पहिला हप्ता कोणत्या खात्यातून जातो, यावर पुढचं बरंच काही ठरतं

रत्नागिरी, रायगडकडच्या आपल्या वस्त्यांमध्ये असं घर शोधावं लागेल, ज्यातलं कोणी दुबई, सौदी, कतर किंवा कुवेतला नाही. पूर्वी तिकडून येणारा पैसा घर बांधण्यात, जमिनीत आणि सोन्यात जायचा. आता तरुण मुलं विचारतात, "म्युच्युअल फंडात दरमहा थोडे टाकले तर?" प्रश्न चांगला आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत फंड कोणता घ्यायचा हेच असतं. पैसा कोणत्या खात्यातून जाणार, कोणाच्या नावावर बसणार आणि गरज पडली तर परत बाहेर नेता येणार का, हे कोणी विचारत नाही. आणि अडचण नेमकी तिथेच होते, तीही पाच-सात वर्षांनी, पैसे काढायच्या वेळी.

म्हणून या लेखात आम्ही एकच वाट धरली आहे: संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करणारा माणूस दरमहा पगारातून पैसे पाठवतो आणि भारतातल्या इक्विटी फंडात एसआयपी करतो. सौदी, कतर, ओमानवाल्यांना खात्यांचे नियम हेच लागू आहेत. कराराचा भाग मात्र देशागणिक बदलतो, ते पुढे येईलच.

जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. मुलगा नोकरीसाठी बाहेर जातो, गावातल्या बँकेतलं त्याचं साधं बचत खातं तसंच राहतं. एटीएम कार्ड घरच्यांकडे असतं, तो तिकडून त्याच खात्यात पैसे टाकतो आणि मोबाईलवरून एसआयपी सुरू करतो. फंड कंपनीच्या लेखी तो भारतातच राहतो. हप्ते जातात, स्टेटमेंट येतं, सगळं सुरळीत दिसतं.

फेमा कायद्याने मात्र नोकरीसाठी देश सोडला की तो माणूस अनिवासी धरला जातो. त्यानंतर त्याला निवासी बचत खातं चालवता येत नाही. बँकेला कळवून ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. बंद करायची गरज नसते, फक्त त्याचा प्रकार बदलतो, आणि बऱ्याच बँकांत खाते क्रमांकही नवा मिळतो. म्हणजे ज्या एसआयपी त्या खात्यातून जात होत्या, त्यांचा बँकेला दिलेला आदेश, म्हणजे मँडेट, पुन्हा द्यावा लागतो. एवढ्या कटकटीसाठी लोक हे टाळतात. टाळलं तरी नियमाचा भंग तो भंगच, आणि पुढे पैसे काढताना केवायसी अडली की सगळं एकदम अंगावर येतं.

आता एनआरओ आणि एनआरई यांतला फरक. नावं सारखी असल्यामुळे लोक गोंधळतात. साध्या भाषेत सांगायचं तर एनआरओ हे भारतातल्या कमाईचं खातं आहे. घरभाडं, शेतीचं उत्पन्न, जुन्या ठेवी, इथला कोणताही रुपया त्यात जमा होऊ शकतो. एनआरई हे मुख्यतः बाहेरच्या कमाईचं खातं. त्यात प्रामुख्याने परदेशातून आलेला पैसा किंवा दुसऱ्या एनआरई खात्यातला पैसा टाकला जातो. गावात कोणी रोख दिले आणि ते एनआरईत भरायचे म्हटलं, तर बँक घेणार नाही. दोन्ही खाती रुपयांतच असतात.

एनआरईतला सगळा पैसा, मुद्दल आणि त्यावरचं व्याज, कधीही परत परदेशात नेता येतो आणि त्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के दराने कर आधीच कापला जातो. एनआरओतून बाहेर पैसे न्यायचे असतील तर एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्यासारख्यांना ही मर्यादा कधी आडवी येणार नाही. आडवी येते ती कागदपत्रं, त्याबद्दल खाली सांगतो.

फंडात गेलेला पैसा आपली वाट विसरत नाही

म्युच्युअल फंडात अनिवासी माणूस एनआरईतूनही पैसे टाकू शकतो आणि एनआरओतूनही. एनआरईतून टाकले तर ती गुंतवणूक परत नेण्याजोगी मानली जाते. युनिट विकले की कर कापून उरलेली रक्कम, मुद्दल आणि नफा दोन्ही, एनआरईत जमा होते आणि तिथून हवी तेव्हा शारजा किंवा लंडनला पाठवता येते. एनआरओतून टाकले तर विक्रीची रक्कम एनआरओतच येते. एनआरईचा पैसा एनआरओत उतरवता येतो, पण एनआरओतून घेतलेल्या युनिटचे पैसे थेट एनआरईत घेता येत नाहीत. 

त्यामुळे नंतर फोलिओमध्ये बँक खातं बदलून एनआरई टाकू, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फंड कंपनी पाहते की युनिट घेताना पैसे कोणत्या खात्यातून आले होते. याच कारणासाठी आमचा सल्ला असतो की एनआरईसाठी वेगळा फोलिओ ठेवा. भारतात असताना सुरू केलेल्या जुन्या फोलिओत नवे एनआरईचे हप्ते मिसळू नका. मिसळले की विकताना कोणते युनिट कोणत्या पैशाचे, यावर वाद होतो आणि बाहेर नेण्याचा हक्क सिद्ध करत बसावं लागतं.

आपला फोलिओ सध्या कोणत्या प्रकारात आहे हे तपासणं अवघड नाही. सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावरून ईमेलवर मागवता येतं. तपशीलवार स्टेटमेंट मागवा, त्यात फोलिओच्या माहितीत कर-दर्जा असतो: निवासी व्यक्ती, अनिवासी परतयोग्य किंवा अनिवासी अपरतयोग्य. तुम्ही तीन वर्षं अबुधाबीत आहात आणि तिथे निवासी व्यक्ती लिहिलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा, मगच नवी एसआयपी.

कोणी म्हणेल, आम्हाला शेवटी गावालाच यायचंय, तिकडे काही कोणी नागरिकत्व देत नाही, मग परत नेण्याचा प्रश्न कशाला? हा मुद्दा अगदीच खोटा नाही. आखातातला माणूस अमेरिकेतल्यासारखा कायमचा तिकडचा होत नाही. पण मधल्या काळात काय काय होतं ते पाहा. मुलीला मँचेस्टरला शिकायला पाठवायचं असतं. नोकरी सुटते आणि दुसरी मिळेपर्यंत तिथलं घरभाडं भरायचं असतं. कोणी कॅनडाला जातो. अशा वेळी एनआरईत पैसा असेल तर बँकेचा एक फॉर्म भरून काम होतं. एनआरओत असेल तर चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र आणि आयकर संकेतस्थळावर भरायचं घोषणापत्र लागतं. लोक त्यांना पंधरा-सीबी आणि पंधरा-सीए या नावांनी ओळखतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेव्हा सीएला क्रमांक सांगण्यापेक्षा काम सांगा: एनआरओतून पैसे बाहेर न्यायचे आहेत. पैसा कुठून आला आणि त्यावर कर भरला का, याचे कागद तो मागेल. सात वर्षांपूर्वीच्या हप्त्यांचे कागद शोधणं म्हणजे काय, ते ज्यांनी शोधले त्यांना विचारा.

बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर

दुसरी प्रचलित पद्धत म्हणजे पैसे घरी पाठवायचे आणि घरच्यांनी आपल्या नावावर एसआयपी करायची. कागद कमी लागतात, केवायसी गावातच होते, म्हणून हे सोपं वाटतं. नियमानेही हे चालतं. फक्त त्याचा अर्थ नीट समजून घ्या.

वडिलांच्या नावावर घेतलेले युनिट हे कायद्याने वडिलांचे आहेत. तुम्ही दिलेले पैसे ही त्यांना दिलेली भेट झाली. मुलाने वडिलांना दिलेल्या भेटीवर कर लागत नाही आणि त्यावरच्या नफ्याचा कर वडिलांच्या हिशेबात जातो. इथपर्यंत ठीक. पण उद्या वडील गेले तर ते युनिट सगळ्या वारसांचे होतात, भाऊ-बहिणींसह. "हे तर माझ्या दुबईच्या पगारातले होते" हे वाक्य वाटणीच्या वेळी कोणाला पटत नाही, आणि त्यात दोष कोणाचाही नसतो. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी नॉमिनीच्या हातात पैसे येतात एवढंच. मालकी वारसा कायद्यानेच ठरते.

बायकोच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशातून गुंतवणूक झाली तर भेटीवर कर नाही, पण त्या गुंतवणुकीचं उत्पन्न आयकर कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. म्हणजे नाव तिचं, कराचा हिशेब त्याचा. अनेक घरांना हे माहीतच नसतं आणि बायकोच्या नावाने विवरणपत्र भरलं जातं.

आणि पैसे परत हवे असतील तर? भारतात राहणाऱ्या वडिलांनी मुलाला रुपयांत भेट दिली तर ती त्याच्या एनआरओ खात्यातच जमा होऊ शकते. म्हणजे पगाराचे दिरहम जे एनआरईत राहिले असते, ते फिरून एनआरओत येऊन बसतात. बायको-आईवडिलांच्या नावावर काही ठेवायचंच असेल तर ते त्यांचं म्हणूनच द्या. तुमची स्वतःची बचत तुमच्या नावावर, एनआरईतून. घरच्यांच्या सोयीसाठी एनआरई खात्यावर जवळच्या नातेवाईकाला अधिकारपत्र देता येतं, त्याने इथले घरखर्च चालतात.

वडिलांच्या खात्यातून तुमच्या नावावरची एसआयपी भरता येईल का, असंही विचारलं जातं. नाही. हप्ता गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच जायला हवा, नाहीतर फंड कंपनी तो नाकारते.

महिन्याचं गणित

समजा खेड तालुक्यातला एक जण शारजात काम करतो आणि महिन्याला 1,000 दिरहम बाजूला काढू शकतो. दिरहमचा भाव 24 रुपये धरला तर एनआरईत 24,000 रुपये येतात. यातल्या 20,000 ची एसआयपी करावी आणि 4,000 खात्यात राहू द्यावेत. पूर्ण 24,000 ची एसआयपी लावली की ज्या महिन्यात पगार चार दिवस उशिरा होतो, त्या महिन्यात हप्ता परत जातो आणि बँक त्याचा दंड कापते. आखातात पगार लांबणं नवीन नाही. दोन-तीन हप्त्यांएवढी शिल्लक झाली की मग हप्ता वाढवायचा विचार करा.

तारीखही पगाराच्या मागेच ठेवा. पगार 1 ते 5 च्या दरम्यान होत असेल आणि पैसे 7 पर्यंत पोचत असतील, तर एसआयपीची तारीख 12 घ्या. बँकेला दिलेलं मँडेट नोंदवायला वेळ लागतो, म्हणून पहिला हप्ता लगेच जाईल असं धरून चालू नका.

पैसे बँकेतून पाठवा किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाऊसमधून, दोन्ही चालतं, फक्त पावतीवर खातं एनआरई लिहिलं आहे ना ते पाहा. भाव आणि शुल्क दोन्ही जोडून तुलना करा. "शुल्क नाही" म्हणणारे बऱ्याचदा भावात काढून घेतात. हुंडीने मात्र हे काम होऊच शकत नाही. हुंडीने आलेला पैसा गावात रोख मिळतो, आणि रोख एनआरईत भरता येत नाही, हे वर आलंच आहे. भाव चार पैसे जास्त मिळतो म्हणून हुंडी धरणाऱ्याला पुढे त्या पैशाचा एकही कागद दाखवता येत नाही, शिवाय तो व्यवहार बेकायदा आहे.

केवायसीसाठी पॅन, पासपोर्ट, व्हिसा किंवा तिथलं रहिवासी कार्ड आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. परदेशातून कागद पाठवले तर ते भारतीय दूतावास, नोटरी किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेकडून साक्षांकित करावे लागतात. म्हणून सुट्टीवर आल्या आल्या, लग्नांच्या गडबडीत शिरण्याआधी हे काम उरकलेलं बरं. पॅन आधारशी जोडण्यातून अनिवासींना सूट आहे, पण आयकर संकेतस्थळावर तुमचा दर्जा अनिवासी असा नोंदलेला हवा. नोंदलेला नसेल तर पॅन निष्क्रिय दिसतं आणि कर जास्त दराने कापला जातो.

फंडाच्या निवडीबद्दल थोडंच. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरांसाठी डेट फंड आणि मुदत ठेवी आपोआप बाजूला पडतात. शरियत निकषांवर चालणारे फंड भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. टाटा एथिकल फंड 1996 पासून आहे, टॉरस एथिकल फंड 2009 पासून. निप्पॉन इंडियाचा निफ्टी 50 शरिया बीज हा ईटीएफही आहे, पण त्याला डीमॅट आणि ट्रेडिंग खातं लागतं, दरमहा आपोआप जाणाऱ्या हप्त्यासाठी तो अडचणीचा. या फंडांत बँका, विमा, दारू, जुगाराच्या कंपन्या आणि जास्त कर्जाच्या कंपन्या नसतात. त्यामुळे आयटी, औषधं, रोजच्या वापराच्या वस्तू अशा मोजक्या क्षेत्रांवर भार पडतो. बँकांचे शेअर चढतात तेव्हा हे फंड बाजाराच्या मागे राहतात, हे माहीत असू द्या. तीन वर्षांत बहिणीचं लग्न असेल तर तो पैसा यात घालू नका. ग्रोथ पर्याय निवडा. आयडीसीडब्ल्यूमध्ये प्रत्येक वाटपावर कर कापला जातो. एनआरई बचत खात्यात पडून राहणाऱ्या रकमेवर व्याज जमा होतं, त्याचं काय करायचं ते आपापल्या आलिमांना विचारावं.

विकताना कर किती

वरच्या भावाने पाच वर्षं 20,000 प्रमाणे 12 लाख टाकले आणि युनिटची किंमत 16 लाख झाली असं धरू. हे उदाहरणापुरतं, एवढं होईलच असं नाही. 4 लाखांचा नफा झाला. एसआयपीत प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते आणि आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असं धरतात. सगळे एकदम विकले तर पहिले 48 हप्ते वर्षापेक्षा जुने, म्हणून दीर्घ मुदतीचे. शेवटचे 12 अल्प मुदतीचे. नफ्यापैकी 3,85,000 दीर्घ आणि 15,000 अल्प धरू.

23 जुलै 2024 पासून इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला 1,25,000 रुपयांच्या वर 12.5 टक्के आणि अल्प मुदतीच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. म्हणजे 2,60,000 वर 32,500 आणि 15,000 वर 3,000. एकूण 35,500, त्यावर 4 टक्के सेस मिळून 36,920 रुपये.

तोच माणूस घाई नसेल तर निम्मे जुने युनिट मार्चमध्ये आणि उरलेले जुने युनिट एप्रिलमध्ये विकू शकतो. आर्थिक वर्ष बदलल्यामुळे 1,25,000 ची सूट दोनदा मिळते. 3,85,000 मधून 2,50,000 गेले, उरले 1,35,000. सेससह कर 17,550. शेवटचे 12 हप्ते वर्ष पूर्ण होईपर्यंत तसेच ठेवले तर तेही दीर्घ मुदतीचे होतात. कर जवळपास निम्म्यावर आला, आणि यात पळवाट काही नाही.

अनिवासीच्या बाबतीत दोन गोष्टी निवासी माणसापेक्षा वेगळ्या. पहिली, फंड कंपनी कर आधीच कापून घेते आणि मग पैसे देते. कापताना ती तुमच्या दुसऱ्या फंडातला तोटा वजा करत नाही. जास्त कापलेला कर आपोआप परत येत नाही, त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. दुसरी, इथे दुसरं काही उत्पन्न नसलं तरी करमुक्त उत्पन्नाची जी मूळ मर्यादा असते, ती अनिवासीला या नफ्यावर वापरता येत नाही. निवासी माणसाला येते. "माझं भारतात उत्पन्नच नाही, मग कर कसला?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आता व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट: दुबईवाल्यांना म्युच्युअल फंडाच्या नफ्यावर भारतात करच नाही. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. भारत आणि अमिराती यांच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात कंपनीच्या शेअरच्या नफ्यावर भारत कर लावू शकतो, पण ज्या मालमत्तेचा वेगळा उल्लेख नाही तिच्या नफ्यावर फक्त राहत्या देशाचा हक्क आहे. भारतातले म्युच्युअल फंड हे ट्रस्ट असतात, कंपनी नव्हे. त्यामुळे युनिट म्हणजे शेअर नाही, असा युक्तिवाद होतो. आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या कोची पीठाने 2019 मध्ये अमिरातीच्या रहिवाशाच्या प्रकरणात आणि मुंबई पीठाने 2025 मध्ये सिंगापूरच्या रहिवाशाच्या प्रकरणात तो मान्य केला.

याचा फायदा घ्यायचा तर अमिरातीच्या फेडरल टॅक्स ऑथॉरिटीचं त्या वर्षाचं कर-रहिवास प्रमाणपत्र लागतं. करारानुसार त्या कॅलेंडर वर्षात तिथे किमान 183 दिवस राहिलेलं असावं लागतं. भारतात विवरणपत्र भरून करार लागू करा असं सांगावं लागतं. फंड कंपनी बहुधा कर कापतेच, मग तो परतावा म्हणून मागायचा. शिवाय हे न्यायाधिकरणाचे निर्णय आहेत, आयकर खातं पुढे न्यायालयात जाऊ शकतं. 17,550 रुपयांसाठी प्रमाणपत्राचं शुल्क आणि सीएची फी धरून एवढं करायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. नफा 20-25 लाखांचा असेल तर नक्की करावं. सौदी, कतर, कुवेतवाल्यांनी आपापल्या देशाचा करार सीएकडून वाचून घ्यावा, दुबईचा नियम आपल्यालाही लागू असं समजू नये.

नफा मोजताना आणखी एक गोष्ट सुटते. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, म्हणून रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढेही घसरतो. 2015 च्या सुरुवातीला एका दिरहमला साधारण 17 रुपये मिळत होते, 2025 च्या शेवटी शेवटी 24 च्या आसपास. पैसा खेडमध्येच खर्च करायचा असेल तर याने फरक पडत नाही. पण परत बाहेर न्यायचा असेल तर रुपयांत दिसणारा नफा दिरहमांत बराच कमी भरतो, आणि कर मात्र रुपयांतल्या नफ्यावर लागतो.

कायमचं परत आल्यावर

नोकरी संपवून माणूस गावी आला की फेमाच्या हिशेबाने तो निवासी होतो आणि एनआरई-एनआरओ खाती बँकेला सांगून निवासी करून घ्यावी लागतात. एनआरईतली रक्कम परकीय चलनात ठेवायची असेल तर आरएफसी नावाचं खातं उघडता येतं. मुलं बाहेर शिकत असतील तर ते उपयोगाचं. म्युच्युअल फंडाचे युनिट विकावे लागत नाहीत. केवायसीत आणि प्रत्येक फंड कंपनीकडे दर्जा निवासी करायचा आणि नवं बँक खातं नोंदवायचं. युनिटची खरेदीची तारीख जुनीच राहते. एसआयपी चालू ठेवायची असेल तर नव्या खात्यावर नवं मँडेट.

आयकराचा निवासी दर्जा मात्र वेगळा मोजतात, भारतात काढलेल्या दिवसांवर. फेब्रुवारीत परत आलेला माणूस त्या आर्थिक वर्षात करासाठी बहुधा अनिवासीच असतो. विकायची घाई नसेल आणि पुढच्या वर्षी इथे फारसं उत्पन्न नसेल, तर निवासी झाल्यावर विकलेलं बरं पडतं: करमुक्त मर्यादा वापरता येते आणि फंड कंपनी कर आधी कापत नाही. ज्याला अमिरातीच्या कराराचा फायदा घ्यायचा आहे, त्याने उलट तिकडचा रहिवास संपण्याआधी विकायला हवं. आपण कोणत्या बाजूला बसतो, हे परतीचं तिकीट काढण्याआधी एकदा सीएसमोर मांडून घ्या.